दारावरचा ग्राही आणि जनुकावरचा ग्राही

भंडारा जिल्ह्यात कोसापालकांच्या एका प्रशिक्षणात भिंतीवरचा तक्ता पाहिला आणि मन खट्टू झालं. पेशीच्या आवरणावर कुलूप, त्यात किल्ली, आणि खाली मजकूर: ‘कात टाकण्याचे संप्रेरक’. ऐनाच्या पाल्यावर वाढणारी कोशाची अळी चार वेळा कात टाकते. त्यामागचं एक्डायसोन हे स्टेरॉइड आहे, आणि त्याचा ग्राही दारावर नसतोच.

दारावरचे ग्राहीही त्या अळीत आहेत. मेंदूतून निघणारं पीटीटीएच हे प्रथिन ग्रंथीच्या पेशीवरच्या टॉर्सो या ग्राहीला चिकटतं. ग्राही जागेवरच राहतो, निरोप आतली प्रथिनं हातोहात पुढे नेतात, आणि ग्रंथी एक्डायसोन बनवू लागते. खरा फरक इथून पुढचा आहे.

ब्युटेनांट आणि कार्लसन यांनी १९५४ साली ५०० किलो रेशीमकोशितांमधून अवघे २५ मिलिग्रॅम एक्डायसोन वेगळं केलं. १९६० साली क्लेव्हर आणि कार्लसन यांनी ते कायरोनोमस माशीच्या अळीत टोचलं, तेव्हा तिच्या गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगवटे उठले. तिथली जनुकं जागी झाली होती. याचा अर्थ ‘संप्रेरक स्निग्ध आवरणातून आत घुसतं आणि जनुक चालू करतं’ असा लावला जातो. मला हे वाचन चुकीचं वाटतं. फळमाशीत एक्डायसोनला पेशीत जायला वाहक प्रथिन लागतं, हे २०१८ साली दिसलं. म्हणजे आवरण सहज ओलांडणं हा मुद्दाच नव्हे.

मुद्दा १९७४ साली अ‍ॅशबर्नर यांच्या प्रयोगांनी उलगडला. फळमाशीच्या लाळग्रंथीत काही फुगवटे मिनिटांत उठतात, काही तासांनी. नवी प्रथिनं बनणं औषधाने थांबवलं, तरी पहिले फुगवटे उठले. उशिराचे मात्र उठले नाहीत. म्हणजे पहिल्या जनुकांपर्यंत पोचायला लागणारं सगळं पेशीत आधीच हजर होतं, आणि उशिराच्या जनुकांना पहिल्यांनी बनवलेली प्रथिनं हवी होती. तो हजर असलेला ग्राही १९९१ साली हाती लागला. यूएसपी या जोडीदारासह तो संप्रेरकाविनाही डीएनएवर बसू शकतो आणि जनुकं दाबून धरतो. संप्रेरक येताच तोच त्यांना चालना देतो. माणसात कॉर्टिसोलचा ग्राही केंद्रकाबाहेर वाट पाहतो, पण निरोप मिळाल्यावर स्वतःच डीएनएपर्यंत जातो. निरोप घेणारा आणि अंमल करणारा इथे एकच.

तुतीच्या रेशमात वनस्पतींमधलं एक्डायसोनसारखं द्रव्य पाल्यावर शिंपडतात, म्हणजे सगळ्या अळ्या एकदम कोष विणायला लागतात. तेच पाचव्या अवस्थेत फार लवकर दिलं, तर अळी पुरेसं खाण्याआधीच विणायला बसते आणि कोष हलका भरतो. चौथ्या अवस्थेत ज्युव्हेनाइल हार्मोन भरपूर असताना याच संप्रेरकाने ती फक्त कात टाकते. ग्राही दोन्ही वेळा तोच असतो.