उसनं हसू

आमच्या घराण्यात फोटो काढताना हसण्याची पद्धत नाही. कॅमेरा दिसला की आमची मंडळी कोर्टात साक्षीला उभी राहिल्यासारखी उभी राहतात. बाबा तर या कलेत अव्वल. १९८६ साली अमरावतीला ताईचं लग्न झालं. त्या ग्रूप फोटोत आचाऱ्यापासून नवरदेवापर्यंत सगळे हसताहेत, आणि मधोमध बाबा असे बसलेत, की पाहणाऱ्याला वाटावं, मांडव यांच्याच डोक्यावर उभा आहे.

बाबा गेल्यावर तो फोटो मोठा करून लावायचं ठरलं. ताई म्हणाली, "त्यांना जरा हसवता येतं का बघ." जे आम्हा भावंडांना जन्मभर जमलं नाही, ते आता कॉम्प्युटरकडून करून घ्यायचं होतं!

पहिला प्रयोग मी घरीच केला. शेतातल्या हुरड्याच्या एका फोटोत बाबा चक्क हसत होते. त्यातलं तोंड कापलं आणि लग्नातल्या चेहऱ्यावर चिकटवलं. ओठ हुरडा खात होते आणि डोळे मांडवाचा खर्च मोजत होते. नातू ओरडला, "आजोबा निवडणुकीला उभे राहिले!"

शेवटी बडनेऱ्याला गाडीत बसलो आणि अकोल्याच्या एका ओळखीच्या फोटोवाल्याकडे गेलो. त्याने तळहाताने पडद्यावरचं तोंड झाकलं आणि विचारलं, "आता सांगा भाऊ, हसून राहिले का?"

"नाही."

"मंग! मानूस तोंडानं नाई हसत, गालानं हसते."

हे ज्ञान फ्रान्समधल्या द्युशेन नावाच्या डॉक्टरने १८६२ सालीच छापून ठेवलं होतं. एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्याला विजेचे हलके धक्के देऊन त्याने पाहिलं, की गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्याकडे येणारा स्नायू ओढला की तोंड हसतं. पण आनंदाच्या हसण्यात डोळ्याभोवतीचा गोल स्नायूही आवळला जातो. पहिला स्नायू हुकमाचा ताबेदार. दुसरा सहसा कुणाचं ऐकत नाही. काही वस्ताद मंडळी त्यालाही वळवतात, ती गोष्ट निराळी.

फोटोवाल्याने हुरड्याचा फोटो बाजूला ठेवला. त्यात ऊन एका बाजूने होतं आणि लग्नात फ्लॅश समोरून. गाल वर चढला की त्याची सावली कुठे पडते, तिथेच चोरी पकडली जाते. मी दिवाळीचा एक फोटो दिला. त्यातही फ्लॅश समोरून होता, आणि मानही तितकीच वळलेली. दोन्ही फोटोंत बाहुल्यांमधलं अंतर सारखं येईल इतका त्याने तो लहान केला. मग नुसतं तोंड न घेता खालच्या पापणीपासून हनुवटीपर्यंतचा सगळा भाग उचलला. नाकाच्या बाजूने तोंडाकडे उतरणारी घडी खोल झाली, नाकपुड्या किंचित रुंदावल्या, गालाचा उंचवटा वर सरकला. त्याने खालची पापणी ढकलून बुबुळाची खालची कड जराशी झाकली. डोळे बारीक झाले. शेवटी बाहेरच्या कोपऱ्यांतल्या बारीक सुरकुत्या त्याच फोटोतून आणल्या आणि अर्ध्याच उमटू दिल्या.

"सुरकुती ज्याची त्याचीच पाह्यजे," तो म्हणाला. "दुसऱ्याची लावली का मानूस बदलते. अन् हसू लहान असन तं सुरकुती मोठी नाई चालत."

पुन्हा तोंड झाकलं. डोळे हसत होते. मूर्तिजापूर येईपर्यंत मी तो फोटो चारदा पिशवीतून काढून पाहिला.

घरी आईने चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिलं. "हसू त्याईचंच आहे," ती म्हणाली. मी खूश! मग हळूच म्हणाली, "पण त्या दिवशी नव्हते रे हसले. दोन एकर वावर गहाण होतं."

हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं आम्ही ज्याला आठ्याळ स्वभाव म्हणत होतो, ते कर्ज होतं. आणि मी गालासकट, पापणीसकट, सुरकुत्यांसकट ते फेडून टाकलं होतं, तेही फोटोवाल्याच्या मजुरीत!

तेव्हापासून वाटतं, माझं ते चिकटवलेलं तोंडच प्रामाणिक होतं. नातवानेसुद्धा त्याची लबाडी पकडली. फोटोवाल्याची कारागिरी कुणालाच पकडता आली नसती. आणि आईनंतर त्या दिवशी बाबा हसलेच होते, असं नातवंडांनी शपथेवर सांगितलं असतं. हसू खरं, माणूस खरा, फक्त दिवस खोटा. पण माणसाने सोसलेलं असतं ते दिवसातच.

आता भिंतीवर दोन फोटो आहेत. दिवाळीचे बाबा हसताहेत, लग्नातले हसत नाहीत. तिसरा ताईने मागून नेला. "मला माझ्या लग्नात हसलेलेच हवेत," म्हणाली. मी दिला. पण मागे पेन्सिलीने लिहिलं: 'हसू दिवाळीचं. वावर दोन एकर.'