शौलाची सबब

नवराबायकोचे भांडण मिटविण्यास बसलेल्या उपदेशकांस एक विलक्षण अनुभव वारंवार येतो. जिला दुखविले गेले तीच क्षमा मागून उठते, आणि ज्याने दुखविले तो उदास मुद्रेने क्षमा करितो. सर्वांस वाटते, समेट झाला. तो खरोखर झाला काय, याचा विचार आज आम्ही करू इच्छितो.

एका घराची कल्पना करा. बायकोने अंडी विकून मुलाच्या पुस्तकांसाठी सहाशे रुपये डब्यात साठविले. नवऱ्याने ते आठवड्याच्या बाजारी मित्रांबरोबर उडविले. तिने विचारताच तो प्रथम म्हणतो, "कसले पैसे? मी डब्याला हात लाविला नाही." शेजाऱ्याने त्याला खर्च करिताना पाहिले असे कळताच तो म्हणतो, "तू घरातली गोष्ट शेजारी नेलीस. तुझ्या माहेरचे वळणच असे!" आणि शेवटी, "दिवसभर राबतो, तरी या घरात मला चोर ठरवितात," असे म्हणून तो न जेवता निजतो. रात्री तीच ताट घेऊन त्याची मनधरणी करिते. सहाशे रुपयांचे नाव पुन्हा निघत नाही, आणि मूल पुस्तकांवाचून शाळेत जाते.

चोराच्या उलट्या बोंबा असे आपल्याकडे म्हणतात ते हेच. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रायड यांनी १९९७ साली या वागण्याच्या तीन पायऱ्या दाखविल्या: नाकारणे, विचारणाऱ्यावर उलटणे, आणि स्वतःच पीडित होऊन बसणे. त्यांनी सहकाऱ्यांसह २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्यांच्याशी असे वर्तन अधिक झाले, ते स्वतःलाच अधिक दोष देत होते. ताट घेऊन उभी असलेली ती बायको आता आपणांस अधिक समजेल.

पवित्र शास्त्रात शौल राजाने हेच केले. अमालेक्यांची उत्तम मेंढरे राखून ठेवून तो शमुवेलास म्हणाला की, देवाची आज्ञा मी पाळली आहे. मेंढरांचे बेंबटणे ऐकू येतच होते. मग त्याने दोष लोकांवर घातला. अखेरीस त्याने पाप कबूल केले, पण लोकांच्या भयाने ते झाले अशी सबब जोडली. आणि वडील जनांसमोर आपला मान राखावा, अशी विनंतीही केली. कबुली होती, पण तिची दृष्टी स्वतःच्या मानावर होती.

शमुवेलाने काय केले, हे उपदेशकांनी नीट पाहावे. लोकांची गोष्ट निघाली म्हणून तो लोकांकडे वळला नाही. शौलाने आज्ञा का मोडली, हाच प्रश्न त्याने पुन्हा विचारला. आमच्या मते समेटाची किल्ली येथे आहे. नवऱ्याची तक्रार खरीही असू शकेल. बायको कठोर बोलली असेल. ती दुसऱ्या दिवशी अवश्य ऐकावी. परंतु आज प्रश्न सहाशे रुपयांचा आहे, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत दुसरा प्रश्न घेऊ नये.

येथे एक सावधगिरी हवी. रडणारा प्रत्येक मनुष्य ढोंगी नसतो, आणि असे वागणारी बायकोही असू शकते. एका दिवसाच्या बोलण्यावरून निवाडा करू नये. प्रत्येक वेळी मूळ गोष्ट अनुत्तरित राहते काय आणि प्रत्येक वेळी एकच जण क्षमा मागतो काय, हे पाहावे. खरा पश्चात्ताप केलेल्या कृत्याचे नाव घेतो, त्यापुढे "पण" जोडीत नाही, आणि जक्कयाप्रमाणे भरपाई करितो. नवरा म्हणेल, "पैसे मी घेतले, खोटे बोललो, येत्या दोन बाजारांत परत ठेवितो". आणि मग ते ठेवील.

जेथे मारहाण किंवा धाक आहे, तेथे दोघांस एकत्र बसवून विचारूच नये. घरी परतल्यावर त्या बोलण्याचा सूड तिच्यावर उगविला जाईल. तिची एकांतात विचारपूस करावी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाण्यास तिला साह्य करावे, आणि असे करणे म्हणजे क्षमा नाकारणे नव्हे, हेही तिला सांगावे.

दुसऱ्याच्या तोंडून कबुली ओढून काढणे कोणाच्याही हाती नाही. शमुवेलासही ते साधले नाही. तो शौलासाठी शोक करीत राहिला, परंतु मरेपर्यंत त्याच्या भेटीस पुन्हा गेला नाही. जो शोक करितो त्याने खोट्याला खरे म्हटलेच पाहिजे असे नाही. ताट घेऊन उभ्या असलेल्या बहिणीस आम्ही इतकेच सांगतो: जेवण अवश्य वाढा, पण जो अपराध आपण केला नाही, त्याची क्षमा मागू नका.