जोडीदार त्याचा, मत आपलं

१९६८ च्या उन्हाळ्यात जॉन लेनन योको ओनोला रेकॉर्डिंगला घेऊन येऊ लागला. तोपर्यंत बीटल्सच्या स्टुडिओत बायका-मैत्रिणींनी बसायचं नाही, असा अलिखित रिवाज होता. योको नुसती बसली नाही, तर लेननच्या शेजारी बसली, रोज. बाकी तिघांना ते रुचलं नाही.

दोन मित्रांनी ही नापसंती दोन तऱ्हांनी हाताळली. जॉर्ज हॅरिसनने बीटल्सच्याच अ‍ॅपल कंपनीच्या कार्यालयात योकोला तोंडावर सांगून टाकलं, की न्यूयॉर्कमध्ये तुझ्याविषयी बरं बोललं जात नाही. ही हकीकत लेननने १९७० च्या डिसेंबरात एका मुलाखतीत सांगितली. मधे इतके दिवस गेले तरी राग जागच्या जागी होता. पॉल मॅकार्टनी मात्र जानेवारी १९६९ च्या ध्वनिफितींत वेगळं बोलताना ऐकू येतो. वेळ आलीच तर जॉन योकोची निवड करेल, तेव्हा हा हट्ट कशाला, असा त्याचा हिशेब. पन्नास वर्षांनी लोक म्हणतील, योको अ‍ॅम्प्लिफायरवर बसली म्हणून बीटल्स फुटले, असा विनोदही तो करतो. बीटल्स फुटलेच, पण पैशांचे आणि व्यवस्थापकाचे वाद त्यात ठसठशीत होते, आणि योकोवर सारं खापर फोडणं सोपं होतं एवढंच.

जॉर्जची चूक प्लुटार्कने एकोणीसशे वर्षांपूर्वीच दाखवून ठेवली होती. खुशमस्कऱ्या आणि खरा मित्र यांतला फरक सांगणाऱ्या त्याच्या निबंधात स्पष्टवक्तेपणाला मोठा मान आहे, पण पथ्यंही आहेत. मद्याच्या बैठकीत कान उघाडू नयेत. नवऱ्याला बायकोदेखत, प्रियकराला प्रेयसीदेखत बोल लावू नयेत. बोलावं की नाही, हा प्रश्न त्याला पडत नाही. मित्राने बोलायचंच असतं. कधी आणि कुणासमोर, एवढंच ठरवायचं.

विसाव्या शतकात शंका आली ती बोलण्याविषयीच. १९७२ साली अमेरिकेतल्या ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी १४० जोडप्यांचा अभ्यास करून म्हटलं, की आईवडील आडवे आले की प्रेम वाढतं. ‘रोमिओ आणि ज्युलिएट परिणाम’ हे नाव तेव्हापासून चिकटलं आणि गप्प बसणाऱ्यांना शास्त्राचा आधार मिळाला. गंमत अशी, की २०१४ मध्ये सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांनी तोच प्रश्न पुन्हा तपासला तेव्हा हा परिणाम सापडला नाही. उलट, जवळच्यांची नापसंती असेल तिथे नातं कमजोरच दिसलं. मधे १९९९ मध्ये कॅनडातल्या मॅकडोनाल्ड आणि रॉस यांना आढळलं होतं, की विद्यार्थ्यांचं प्रेमप्रकरण किती टिकेल याचा अंदाज त्यांच्यापेक्षा त्यांच्या खोलीतल्या सोबत्यांना आणि आईवडिलांना जास्त अचूक येतो.

म्हणजे मित्राला दिसतं ते खरं असू शकतं. पण काय दिसतंय, हे आधी स्वतःशी नीट वेगळं करायला हवं. मैत्रिणीचा जोडीदार मोठ्याने हसतो, स्वतःच्याच गाडीबद्दल बोलत राहतो, वेटरला ‘ए’ म्हणून हाक मारतो: ही नापसंती आहे. थोडं सोसावं, चहा-नाश्ता नीट करावा, त्याच्या आवडीचा एखादा विषय शोधावा. आपल्या वाट्याची रविवारची भेट आता त्याला जाते, म्हणूनही तो खटकत असेल. हा हिशेब माणूस स्वतःशी सहसा मांडत नाही.

याउलट, मैत्रीण आता फोन त्याच्यासमोरच उचलते, पगाराचं एटीएम कार्ड त्याच्याकडे असतं, येणं-जाणं विचारून ठरतं: इथे स्वभावाचा विषय संपला. इव्हान स्टार्क यांनी २००७ च्या ग्रंथात अशा रोजच्या, मार न देणाऱ्या जाचाची सविस्तर मांडणी केली. आठ वर्षांनी इंग्लंड आणि वेल्समध्ये तो गुन्हा ठरला. भारतात २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने मानसिक आणि आर्थिक छळाची दखल आधीच घेतली होती, आणि लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही त्यात संरक्षण आहे.

अशा वेळी बोलावं. एकट्याने, एकदा, आणि निवाडा न देता. ‘तो चांगला नाही’ म्हटलं की मैत्रीण वकील होते. ‘परवा तो तुझा पगार चारचौघांत मोजत होता, तेव्हा तू गप्प झालीस, तुला कसं वाटलं?’ याला बाजू मांडावी लागत नाही, उत्तर द्यावं लागतं. ते लगेच येणार नाही. ती चिडली तरी आपण तिचा फोन घेणं थांबवू नये, कारण तिला एकटं पाडणं हे त्या माणसाचंच काम असतं.

आणि प्रकरण हिंसेपर्यंत गेलं, तर भारतातल्या त्याच २००५ च्या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार ही माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतं. सद्‌हेतूने दिलेल्या माहितीबद्दल देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.