टेकवण्याआधीचे चार सेंटिमीटर

औषधांच्या दुकानात उभे आहात असं समजा. बिल २४० रुपये. दुकानदाराने रक्कम टाकून मशीन पुढे केलं आहे. फोन उघडून हातात धरा, पण लगेच टेकवू नका. आधी मशीनकडे मन न्या.

त्याच्या पडद्यामागे तांब्याच्या तारेचे काही वेढे आहेत. त्यांतून वाहणारी वीज सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा हेलकावते आहे आणि भोवती चुंबकीय क्षेत्र उमटतं आहे. हे क्षेत्र दूर जात नाही, तारेपाशीच घुटमळतं. वेढ्यांची त्रिज्या ३ सेंटिमीटर धरा. मशीनपासून ३ सेंटिमीटरवर क्षेत्राचा जोर जेमतेम एक तृतीयांश उरतो, तर १२ सेंटिमीटरवर सत्तरावा भाग. म्हणून जवळ यावंच लागतं. व्यवहारासाठी साधारण ४ सेंटिमीटर.

आता फोन हळूहळू जवळ न्या. त्याच्या पाठीतही असेच वेढे आहेत. मशीनचं क्षेत्र त्यांतून जाऊ लागलं की त्यांत वीज उपजते. फोन आपल्या वेढ्यांवरचा विजेचा भार झटपट कमी-जास्त करतो आणि तो फरक मशीनला स्वतःच्याच तारेत जाणवतो. उत्तर देण्याची मूळ रीत ही अशी. वेढे लहान असल्यामुळे काही फोन त्याच तालात स्वतःचा थोडा जोरही मिसळतात.

इथे थोडं थांबा. या संवादात काय बोललं जातं? मशीन विचारतं, कोणतं कार्ड? फोन सांगतो. मग मशीन २४० ही रक्कम आणि त्या क्षणी काढलेली एक यादृच्छिक संख्या पाठवतं. फोन या दोन्हींत आपल्या व्यवहारांचा चालू क्रमांक मिसळतो आणि गुप्त किल्लीने त्यांचा एक संकेत बनवतो. सोबत जातो तो कार्डाच्या खऱ्या क्रमांकाऐवजी दिलेला पर्यायी क्रमांक, म्हणजे टोकन. कोणी हे चोरून ऐकलं, तरी तो संकेत पुढच्या बिलाला चालत नाही. किल्ली मात्र हवेत येतच नाही.

हे सगळं सेकंदाच्या आत उरकतं. तेवढ्यात हात हलला तर बोलणं अर्धवट तुटतं आणि मशीन पुन्हा टेकवायला सांगतं. फोनच्या कव्हरमध्ये दुसरं टॅपचं कार्ड असेल, तर दोघं एकदम उत्तर देतात आणि मशीन एकच कार्ड दाखवायला सांगतं. धातूचं कव्हर असेल, तर त्यात उपजलेली वीज क्षेत्रालाच विरोध करते. मग मशीनला फोन कळतच नाही.

आता फोन टेकवा. पडद्याचा मध्य नव्हे, वेढे असलेला भाग मशीनवरच्या लहरींच्या खुणेवर आणा. बऱ्याच फोनमध्ये तो कॅमेऱ्याच्या आसपास किंवा वरच्या कडेला असतो. बीप होईपर्यंत हात स्थिर ठेवा, आणि मशीनवर २४० हीच रक्कम आहे ना, हे त्याआधी वाचून घ्या.