कागद किती लागतो?

सॉफ्टवेअरच्या कामात कागदपत्रांचा डोंगर उभा राहिला, त्याचे खापर बरेचदा विन्स्टन रॉइस यांच्या १९७० सालच्या निबंधावर फुटते. पुढे ‘वॉटरफॉल’ म्हणून गाजलेली, टप्प्याटप्प्याने उतरत जाणारी आकृती त्यातलीच. पाच दशलक्ष डॉलरच्या यंत्राला तीस पानी तपशील पुरेल, पण तेवढ्याच किमतीच्या सॉफ्टवेअरला दीड हजार पाने लागतील, असा त्यांचा हिशेब होता. मात्र त्याच निबंधाच्या सुरुवातीला ते सांगतात की काम लहान असेल आणि बनवणारेच ते चालवणार असतील, तर विश्लेषण आणि कोडिंग एवढ्या दोन पायऱ्या पुरतात. यातली लहानपणाची अट सगळ्यांच्या लक्षात राहिली. चालवणार कोण, ही दुसरी अट मागे पडली.

मोठ्या कामांची शिस्त पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मानकांत बांधली. १९८५ मध्ये २१६७ हे मानक आले आणि १९९४ मध्ये त्याची जागा ४९८ ने घेतली. या दुसऱ्या मानकात २२ प्रकारच्या दस्तऐवजांचे आराखडे होते. सगळे भराच, असा आग्रह नव्हता. गरज नसलेले वगळा, असेच सांगितले होते. पण वगळणे सोपे नसते. जास्तीचा कागद मागितला म्हणून कोणी अधिकाऱ्याला जाब विचारत नाही. वगळलेल्या कागदावरून पुढे काही बिघडले, तर सही त्याची असते. त्यामुळे छाटायची परवानगी असूनही हात आखडतो आणि लहान कामाच्या अंगावर मोठ्याचा अंगरखा चढतो.

विचाराला वळण मिळाले ते दोन बाजूंनी. ॲलिस्टर कॉकबर्न यांनी आपल्या ‘क्रिस्टल’ पद्धतींत आकार पैशांत न मोजता माणसांत मोजला आणि त्याला दुसरे माप जोडले: चूक झाली तर काय जाईल? थोडी गैरसोय, परवडणारा पैसा, न परवडणारा पैसा की जीव? तिघांमध्ये बोलण्याच्या जोड्या तीनच होतात, तिसांमध्ये ४३५. तिघे एका टेबलाशी बसून जे बोलून मिटवतात, ते तिसांना लिहावेच लागते. दुसरीकडे बॅरी बोएम आणि रिचर्ड टर्नर यांनी २००३ च्या पुस्तकात दिशाच उलटी केली. भल्यामोठ्या पद्धतीतून छाटत खाली येऊ नका. थोडक्यात सुरुवात करा आणि कारण सापडेल तसे वाढवा. मग समर्थन वगळण्याचे नव्हे, घालण्याचे द्यावे लागते.

हे एका कामावर लावून पाहू. समजा, तिघे जण एका पतसंस्थेसाठी तीन महिन्यांत मुदत ठेवींचे सॉफ्टवेअर करत आहेत. माणसे तीन, म्हणून संवादाचा आराखडा किंवा प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त नको. कामांची एक चालू यादी पुरे. पण पैसा ठेवीदारांचा आहे, म्हणून व्याजाचे नियम मात्र उदाहरणांसह लिहूनच हवेत. एक लाखाची वर्षाची ठेव १८० दिवसांनी मोडली, १८० दिवसांचा दर ७ टक्के, मुदतपूर्व मोडल्याबद्दल एक टक्का वजा, म्हणजे ६ टक्के सरळ व्याजाने २,९५९ रुपये. अशी दहाबारा उदाहरणे व्यवस्थापकाने तपासून सही केली, की तीच मागणी ठरतात आणि तीच चाचणीही. शिवाय सॉफ्टवेअर चालवणार संस्थेचे कर्मचारी, बनवणारे नव्हेत. म्हणून बॅकअपमधून डेटा परत कसा आणायचा, याचे एक पान हवे आणि ते कोडिंग न येणाऱ्या माणसाकडून एकदा करून घ्यायला हवे.

माप चुकले की खुणा दिसतात. मंजुरीच्या दिवसानंतर ज्या दस्तऐवजाला कोणी हात लावलेला नाही आणि जो कोणी उघडतही नाही, तो बहुधा जास्तीचा. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो किंवा एक जण रजेवर गेला की काम अडते, तिथे कागद कमी पडला.

प्रिन्स टू या ब्रिटिश पद्धतीने २००९ च्या आवृत्तीत प्रकल्पाप्रमाणे बेतणे हे आपल्या सात तत्त्वांपैकी एक मानले आणि पद्धत कशी बेतली, याची नोंद प्रकल्पाच्या आरंभीच्या कागदांत ठेवायला सांगितले. पतसंस्थेच्या कामात ती नोंद एका ओळीची होईल: ‘रचनेचा दस्तऐवज नाही, कारण तिघेही सगळे कोड वाचतात, दुसरी संस्था ग्राहक झाली की फेरविचार.’ उद्या हेच सॉफ्टवेअर पाच संस्थांनी घेतले, तर बनवणारे तिघेच राहतील, तरी नियम संस्थागणिक वेगळे होतील आणि कोणाकडे कोणती आवृत्ती आहे, हे तोंडी लक्षात राहणार नाही. तेव्हा कागद वाढवावा लागेल, पण तो त्या दोन बाबींपुरताच.