तीन वाक्यं

आमच्या शाळेच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा सहलीचं ठरत होतं. एका मैत्रिणीनं कळवलं, "मला नाही जमायचं, मुलाची सीए फायनल आहे." मी लगेच टाकलं, "परीक्षा आहे की सत्यनारायण? दरवर्षी आपला असतोच!" खाली डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे चेहरे रांगेनं उगवले. तिनं "हो ना" एवढंच लिहिलं आणि गप्प झाली. कट्ट्यावर असतो, तर तिचा पडलेला चेहरा मला तिथंच दिसला असता. इथं तो कळायला रात्री एका मित्राचा फोन यावा लागला. "तिला लागलंय रे," तो म्हणाला.

पहिला विचार आला मेसेज डिलीट करण्याचा. पण तो बहुतेकांनी वाचलेला होता. डिलीट केला तरी "मेसेज डिलीट केला" ही खूण मागे उरतेच, आणि मग न वाचलेले दोघं-चौघं विचारणार, "काय होतं रे?" म्हणजे तीच गोष्ट पुन्हा सांगितली जाणार. राहू दिला.

माफी लिहायला बसलो तर चांगला परिच्छेद झाला. सुरुवात "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" अशी. कुणाच्या काय, तिच्याच! आणि "असतील तर" म्हणजे दुखावल्या की नाही, हे ठरवायचं कामही तिच्याच गळ्यात. पुढं माझा हेतू, मग मीसुद्धा कॉलेजात एकदा गटांगळी खाल्ली होती त्याची कथा. सगळं खोडलं. तिच्या मेसेजला रिप्लाय करून लिहिलं असतं, तर मुलाची परीक्षा पुन्हा वर चौकटीत झळकली असती, म्हणून तेही टाळलं. उरलं ते असं: "काल मी तुझ्यावर केलेला विनोद चुकला. तो करायलाच नको होता. माफ कर." टोमणा चारचौघांत मारला होता, त्यामुळे हेही ग्रुपवरच टाकलं.

खरी कसोटी पुढं होती. "अरे, एवढं काय त्यात!", "ती नाही असलं मनावर घेत!" अशी माझी समजूत घालणारे मेसेज येऊ लागले. एकेकाला उत्तर देत बसलो असतो, तर दिवसभर विषय माझ्या खंतीचाच चालला असता आणि तिला सगळ्यांदेखत "जाऊ दे रे" म्हणणं भाग पडलं असतं. मी फोन उलटा ठेवला. जरा वेळानं कुणीतरी बसचं भाडं विचारलं आणि गाडी पुढं गेली.

आज सकाळी तिचा मेसेज दिसला. "सहल एका दिवसाचीच केली तर? मग मला जमेल."

मी "राग गेला ना?" असं टाइप केलं. खोडलं. "शनिवार चालेल?" एवढंच पाठवलं.