अंगठ्याआधी

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी लिंबायतला राहतात. माहेर-सासर दोन्ही खान्देशातलं, मुलगा उधन्याला पॉवरलूमवर. एका सकाळी त्या आल्या आणि भांड्यांकडे न जाता माझ्यासमोर बसल्या. पिशवीतून चार पानी कागद काढला. "भाभी, काल यावर अंगठा दिला मी. काय दिलं ते जरा वाचून सांगा."

कागद इंग्रजी होता. मावशींची सून बाळंतपणानंतर बोलेनाशी झाली होती, मग जेवेनाशी. शेवटी शेवटी तोंडात घातलेला घास तसाच धरून बसायची. डॉक्टरांनी विजेचा उपचार सुचवला होता, ज्याला आपण शॉक म्हणतो. सल्ला चुकीचा नव्हता. खाणंपिणं सुटलेल्या अशा आजारात हा उपचार गोळ्यांपेक्षा लवकर गुण देतो. चूक होती ती कागदाची. मुलानं सही केली, आईनं साक्षीदार म्हणून अंगठा दिला, आणि आपण कशाला हो म्हटलं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मानसिक आरोग्यासाठी 2017 चा कायदा आहे. त्यात संमतीची व्याख्या दिली आहे. जोरजबरदस्ती नको, फसवणूक नको, आणि फायदे, धोके, दुसरे पर्याय हे सगळं त्या माणसाला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीनं सांगायचं. भाषा बदलणं सोपं. रीत अवघड, हे मला वॉर्डातल्या डॉक्टरबाईंबरोबर मराठी कागद लिहायला बसले तेव्हा कळलं. त्यांना तो हवाच होता. सुरतेत खान्देशातली इतकी माणसं, आणि छापील कागद इंग्रजी नाहीतर गुजराती.

मी पहिलं वाक्य लिहिलं, "डोक्याला थोडा वेळ वीज देतात." मावशींना वाचून दाखवलं तर त्यांचा चेहराच उतरला. लूमवर काम करणाऱ्यांच्या घरात करंट लागणं म्हणजे माणूस गेला. तेव्हा क्रम बदलला. आधी लिहिलं, "हातात सुई लावून भूल देतात. पेशंट झोपतो. अंग ढिलं पडायचं औषध देतात. मग डोक्याला काही सेकंद अगदी बेताची वीज देतात. त्यानं मेंदूत फिट येते, साधारण अर्धा-एक मिनिट. पेशंटला त्यातलं काही कळत नाही. थोड्या वेळात तो जागा होतो." फिट हा शब्द काढावा असं मला वाटत होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, नको, उपचार त्या फिटमुळेच होतो, ते लपवलं तर बाकी सगळं खोटं. मग तो राहिला. भूल दिल्याशिवाय हा उपचार करायला कायद्यानं बंदी आहे, तेही लिहिलं. सिनेमात चार जण धरून ठेवतात ते दृश्य प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर असतं ना!

दुसरी अडचण माझ्याच घरातल्या शब्दानं केली. मी लिहिलं, "सकाळी उपाशीपोटी यावं." आमच्यात उपवास म्हणजे फार तर उकळलेलं पाणी, तेही दिवसा. मावशींच्या उपवासाला साबुदाणा चालतो, चहा तर हवाच. भुलेत पोटातलं वर येऊन श्वासनळीत गेलं तर जिवावर बेततं. म्हणून नावं घेऊन लिहिलं : "आधीचे सहा तास जेवण नाही, चहा नाही, दूध नाही, बिस्किट नाही, साबुदाणा नाही. साधं पाणी कधीपर्यंत चालेल ते नर्सला विचारा. चुकून काही खाल्लं तर लपवू नका, फक्त त्या दिवसाचा उपचार पुढं जाईल."

धोक्याचा परिच्छेद सगळ्यात जास्त वेळ घेऊन बसला. डोकं दुखतं, अंग दुखतं, जाग आल्यावर थोडा वेळ कुठे आहोत ते उमजत नाही, हे सोपं होतं. मरणाचं काय? लाखभर वेळा उपचार केले तर दोनेक वेळा मृत्यू होतो, असा जगभरातला अंदाज आहे. लाख म्हणजे किती हे मावशींना कळलं, पण त्यांचा खरा प्रश्न वेगळाच होता. "ती लेकराला ओळखेल ना?"

इंग्रजी कागदावर याला तात्पुरती स्मृतिबाधा अशा अर्थाचे दोन शब्द होते. आम्ही लिहिलं, "घरच्यांना ओळखणं जात नाही. पण उपचार चालू असलेले दिवस नीट आठवणार नाहीत. त्याआधीच्या काही आठवड्यांतल्या, कधी काही महिन्यांतल्या गोष्टीही पुसट होतात. बऱ्याच आठवणी परत येतात. काहींच्या काही आठवणी कधीच परत येत नाहीत." मावशी म्हणाल्या, "म्हणजे बारशाचं विसरेल." कदाचित, डॉक्टरबाई म्हणाल्या. मावशी गप्प बसल्या. ती गप्पी त्या चार पानांवर कुठंच नव्हती, आणि संमतीची सुरुवात मला तिथं दिसली.

पुढं साधंच : आठवड्यातून दोन-तीन वेळा, बहुधा सहा ते बारा वेळा, नंतर गोळ्या चालूच, नाहीतर आजार उलटतो. आणि ठळक अक्षरात : "मधेच नको म्हणता येतं. नको म्हटलं म्हणून दुसरे उपचार बंद होणार नाहीत." शेवटी "समजलं का?" असं विचारायचं नाही, त्याला सगळे हो म्हणतात. विचारायचं, "घरी गेल्यावर जावेला काय सांगाल?" मावशींनी सांगितलं, "सहा करंट, मग बरी, गोळ्या बंद." पुन्हा सुरुवातीपासून.

आता माझ्या मनातली गोष्ट. आपल्याकडे कर्म तीन वाटांनी लागतं असं लहानपणापासून ऐकलंय : केलं, करवलं, अनुमोदलं. मावशींचा अंगठा अनुमोदनाच होता. पण न समजता दिलेली अनुमोदना कोणाच्या खाती जाते? देणाऱ्याच्या, की घेणाऱ्याच्या? मला वाटतं, घेणाऱ्याच्या. आणि मग लक्षात आलं, आम्ही इतका कागद लिहिला तो सासूसाठी, नवऱ्यासाठी. सून कुठं होती त्यात?

2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या एका खटल्यात सांगितलं होतं. सज्ञान, अविवाहित बाई तपासणीसाठी भुलेत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढलं होतं. न्यायालय म्हणालं, आईची संमती ही तिची संमती नव्हे, शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. मावशींची सून तशी भुलेत नव्हती, पण खुणेनंही काही सांगत नव्हती. अशा वेळी कायदा नेमलेल्या प्रतिनिधीला, इथं नवऱ्याला, तात्पुरतं हो म्हणू देतो. तात्पुरतं हा शब्द महत्त्वाचा. तिला आता निर्णय घेता येतो का, हे दर सात दिवसांनी पाहून लिहून ठेवायचं असतं. आणि तातडीची वेळ आहे म्हणून संमतीशिवायच हा उपचार उरकता येत नाही, तेवढी पळवाट कायद्यानं बंद केली आहे.

तिसऱ्या उपचारानंतर तिनं वरणाचं पाणी घेतलं. चौथ्यानंतर बाळाला मागितलं. त्याच दिवशी नवरा पुढच्या तारखेबद्दल नर्सशी बोलत होता, ते ऐकून ती म्हणाली, "माले कोनी इचारं नही."

नवरा चिडला. म्हणाला, हिच्यासाठीच केलं सगळं. खरंच होतं ते. डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवसाचा उपचार थांबवला आणि तोच कागद घेऊन तिच्याजवळ बसल्या. एकेक ओळ वाचली. आठवणींच्या ओळीवर तिनं थांबवलं. बारसं झालं का, विचारलं. झालं, मावशी म्हणाल्या. बाळाचं नाव काय ठेवलं, तिनं विचारलं. मावशींनी सांगितलं. तिनं ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

मग ती म्हणाली, अजून दोन घेईन, त्यानंतर पुन्हा विचारा. आणि उठल्यावर जवळ बहीण हवी, नवरा नको. डॉक्टरबाईंनी ते कागदाच्या तळाशी पेनानं लिहिलं, तिला वाचून दाखवलं, आणि शाईची डबी तिच्यापुढं ठेवली. तिनं ती बाजूला सारली. दुसरीपर्यंत शिकलेली होती ती. सही केली, नावातला एक काना राहिला.